दोरीच्या कागदी पिशवीचा मॉकअप : कोल्हापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाद्वार रोडच्या परिसरात कोल्हापुरी चपलांचं एक जुनं दुकान आहे. दुकानाचं नाव आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, बाकी मजकूर घडला तसा आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर बाहेरगावची गिऱ्हाइकं नाव वाचून चप्पल घेऊ लागली, असं मालकांचं निरीक्षण. चप्पल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून देणं त्यांना बरं वाटेना. म्हणून दोरीच्या मुठीची, तपकिरी क्राफ्ट कागदाची पिशवी करायची ठरली. कातड्याच्या रंगाशी तो कागद जुळतो, हा त्यांचा आग्रह पहिल्यापासून होता.

आदल्या वर्षी त्यांनी एकीकडून अशी पिशवी करून घेतली होती. संगणकावर चित्र दाखवलं गेलं, ते सगळ्यांना आवडलं, मंजुरी दिली, आणि दिवाळीच्या तोंडावर गठ्ठे आले. मालकांनी एक पिशवी उलगडून काउंटरवर ठेवली आणि दुसरी उघडलीच नाही.

मी उद्यमनगरात छपाईच्या आधीचं काम करतो. फाइल तपासणं, रंग वेगळे करणं, नमुने दाखवणं, असं. पुढच्या हंगामाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मालकांची अट एकच होती : "चित्र दाखवू नका. चित्रात सगळंच गोरं दिसतंय. पिशवी दाखवा." त्यांचे चिरंजीव ऑनलाइन विक्री बघतात. त्यांना मात्र चित्र हवंच होतं, कारण पिशवी तयार होण्याआधी संकेतस्थळावर आणि जाहिरातीत ती दिसायला हवी होती. दोघांचंही म्हणणं रास्त होतं.

अडचण

आम्ही आधी जुनी पिशवी आणि तिचं मंजूर झालेलं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. चित्र म्हणजे नेटवरून उतरवलेला तयार मॉकअप होता. त्यात आपली रचना टाकली की ती पिशवीवर बसलेली दिसते. फरक चार ठिकाणी होता आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

पहिला फरक पांढऱ्या रंगाचा. रचनेत गडद कुंकवी पट्ट्यावर पांढरी अक्षरं होती. चित्रात ती दुधासारखी पांढरी होती, पिशवीवर मात्र तपकिरी निघाली. ऑफसेटच्या नेहमीच्या चार रंगांत पांढरी शाई नसते. जिथे पांढरं दिसायला हवं तिथे मशीन काहीच छापत नाही आणि खालचा कागद दिसतो. पांढऱ्या कागदावर हे कळत नाही, क्राफ्टवर लगेच कळतं. चित्रात रचनेचा लेअर साध्या `Normal` पद्धतीने, म्हणजे खालचा कागद झाकून, वर ठेवला होता, म्हणून संगणकाने न मागता पांढरी शाई दाखवली.

दुसरा फरक आकाराचा. तयार मॉकअपमधली पिशवी रुंद आणि बुटकी होती. दुकानाची पिशवी २४ सेंमी रुंद, ३६ सेंमी उंच आणि तिची बगल, म्हणजे बाजूची रुंदी, १२ सेंमी, कारण चपलेचा खोका तिच्यात उभा जातो. रचना त्या बुटक्या चौकटीत बसवताना दाबली गेली होती आणि मंजुरी त्या दाबलेल्या रूपाला मिळाली होती. प्रत्यक्षात नाव किरकोळ दिसू लागलं आणि खाली मोकळी जागा उरली.

तिसरा फरक दोरीचा. चित्रात दोरीची कमान डौलात उभी होती. सुती दोरी अशी उभी राहत नाही. पिशवी टेकवली की ती पुढे पडते. पिशवीला प्रत्येक बाजूला ४५ सेंमी दोरी होती. गाठी आणि भोकांतलं अंतर वजा जाता तिचा झोल पंधराएक सेंमी खाली येत होता आणि नेमका नावावर पडत होता.

चौथा फरक सगळ्यात महागात पडला होता. पिशवीच्या तळाजवळ पत्ता आणि फोन नंबरची ओळ होती. पिशवीच्या एका अंगावर ती ओळ आडव्या घडीने मधोमध कापली होती. शाई तिथे तडकली होती आणि नंबरचे दोन आकडे वाचता येत नव्हते. चित्रात सुरकुत्या भरपूर होत्या, पण ही घडी कुठेच नव्हती.

ही घडी कुठून येते, हे पिशव्या चिकटवणाऱ्या काकींनी दाखवलं. त्यांनी तयार पिशवी हातात घेतली, तळ वर उचलला आणि पिशवी सपाट केली. "तळ कुठंतरी झोपायला पायजे की," त्या म्हणाल्या. तळ एका अंगावर वर दुमडतो तेव्हा त्या अंगाचा खालचा पट्टाही त्याच्याबरोबर उलटतो आणि वर आडवी घडी पडते. ती घडी तळापासून बगलेच्या निम्म्या उंचीवर येते. बगल १२ सेंमी असेल तर घडी साधारण ६ सेंमीवर. दुसऱ्या अंगावर ती पडत नाही. म्हणजे घडीची जागा नशिबावर नसते, पिशवीच्या मापावरून आधीच सांगता येते. जुन्या रचनेत पत्त्याची ओळ ६ सेंमीवरच होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दुसरा एखादा चांगला तयार मॉकअप घेण्याचा. चिरंजीवांनी दोन-तीन निवडूनही ठेवले होते आणि दिसायला ते देखणे होते. एका दुपारचं काम झालं असतं. पण त्यातली पिशवी, कागद, दोरी आणि घड्या सगळं परक्याचं. आकार दुरुस्त करता आला असता, घड्यांचं काय?

दुसरा पर्याय त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये पिशवी बांधण्याचा. मापं अचूक टाकता येतात, हा त्याचा मोठा फायदा. पण कागदाची नैसर्गिक सुरकुती पटेल अशी आणणं हे वेगळं कसब आहे आणि आमच्याकडे ते करणारं माणूस नव्हतं. एका रंगाच्या पिशवीसाठी बाहेरून करून घेण्याइतकं बजेटही नव्हतं.

तिसरा पर्याय मालकांचा : चित्र सोडा, छापून दाखवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एक-दोन नमुने काढता येतात, पण प्रत्येक बदलाला नवी स्क्रीन बनवावी लागते. नाव दोन सेंमी खाली घ्यायचं का, याचा निर्णय स्क्रीन बनवून करणं परवडत नाही.

आम्ही यांच्या मधला रस्ता धरला. काकींकडून त्याच कागदाची, त्याच मापाची, त्याच दोरीची कोरी पिशवी बनवून घ्यायची, तिचा फोटो काढायचा आणि त्या फोटोवरच मॉकअप उभा करायचा. रचनेतले बदल संगणकावर होतील, पण पिशवी खरीच असेल. मालकांना यात हात लावायला एक वस्तू मिळत होती, चिरंजीवांना चित्र मिळत होतं.

काय केलं

पहिला प्रश्न सुरकुत्यांचा होता. कोरी पिशवी नवीकोरी उभी केली तर ती पुठ्ठ्याच्या डब्यासारखी दिसते. हाताने चुरगाळली तर सुरकुत्या सगळीकडे सारख्या पसरतात आणि पिशवी टाकाऊ वाटते. वापरलेल्या पिशवीवर सुरकुत्या जिथे ताण येतो तिथेच पडतात. म्हणून आम्ही तिच्यात चपलेचा भरलेला खोका घातला, दोरीने उचलली, ठेवली, थोडं चालून आलो, पुन्हा ठेवली. थोड्या वेळाने दोरीच्या भोकांपासून खाली तिरक्या, छोट्या रेषा उमटल्या. वरची कड दोन भोकांच्या मधे किंचित आत दबली. खोक्याचे कोपरे टेकतात तिथे कागदाला मऊ फुगवटा आला. मुद्दाम काढू म्हटलं असतं तर इतक्या थोड्या आणि इतक्या योग्य जागी त्या काढता आल्या नसत्या.

फोटोसाठी खिडकीचा उजेड डावीकडून घेतला आणि उजवीकडे थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला. कॅमेरा तिवईवर, पिशवीच्या मध्याच्या उंचीला, लांबून. जवळून वरच्या कोनातून काढला की पिशवी खाली निमुळती होते आणि रचना बसवताना अक्षरं उगाच तिरकी करावी लागतात. पिशवीशेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, म्हणजे नंतर क्राफ्टचा तपकिरी रंग त्या पांढऱ्याच्या आधाराने नीट लावता येईल. पिवळ्या दिव्यात काढलेल्या क्राफ्टवर कुंकवी रंग कधीच खरा दिसत नाही.

दोरीबाबत चिरंजीव आणि मालक यांच्यात मतभेद झाला. चिरंजीवांना उभी कमान हवी होती, मालक म्हणाले, "दुकानात पडलेलीच दिसणार, तशीच दाखवा." दोन्ही फोटो काढले. उभ्या कमानीसाठी दोरी तंगुसाने वर बांधली आणि तो धागा नंतर पुसला. ती चौकट जाहिरातीसाठी ठेवली, कारण माणूस पिशवी हातात धरतो तेव्हा दोरी खरोखरच वर असते. मंजुरीसाठी मात्र पडलेल्या दोरीचीच चौकट वापरायची, हे ठरवून टाकलं. या एका निर्णयाने नाव आपोआप खाली आलं. शिवाय दोरी ४५ ऐवजी ३८ सेंमी केली, कारण ही पिशवी खांद्याला लावायची नाही, हातात धरायची आहे.

मग फोटोशॉपमधलं काम. पुढच्या अंगासाठी एक स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे आतली रचना केव्हाही बदलता येणारा लेअर, केला, २४ गुणिले ३६ याच प्रमाणात. बगलेसाठी वेगळा. फोटोत पुढचं अंग सुमारे २४०० पिक्सेल रुंद होतं, म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल. हा हिशेब मनात ठेवला की पुढचे आकडे कळतात.

रचना सुरकुत्यांबरोबर हलावी म्हणून `Filter > Distort > Displace` वापरतात. त्याला एक करडा नकाशा लागतो. ज्या जागेचा करडेपणा बरोबर मधला, म्हणजे १२८, तिथे रचना हलत नाही. त्याहून गडद किंवा फिकट असेल तिथे ती सरकते. किती सरकवायचं त्याचा आकडा टक्क्यांत द्यायचा असतो, १०० टक्क्यांवर जास्तीत जास्त सरक १२८ पिक्सेल. क्राफ्टच्या फोटोतून थेट नकाशा केला तर दोन गोष्टी बिघडतात. एक, कागदाचा सपाट भागही १२८ वर नसतो. तो १७० वर असेल आणि आकडा ३० ठेवला असेल, तर सुरकुती नसलेल्या जागीही अख्खी रचना बारा-तेरा पिक्सेल, म्हणजे सव्वा मिलिमीटर सरकते आणि मधोमध बसवलेलं नाव मधोमध राहत नाही. म्हणून लेव्हल्स लावून सपाट कागद आधी १२८ च्या आसपास आणला. दुसरं, क्राफ्टचे तंतू नकाशात उतरतात आणि अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. नकाशावर तीन-चार पिक्सेलचा गॉशियन ब्लर दिला की तंतू जातात, सुरकुत्या राहतात.

आकडा किती ठेवायचा, यावर आमच्याकडे बराच खल झाला. देवनागरीत याची परीक्षा शिरोरेखा घेते. दुकानाचं नाव जाड अक्षरांत होतं आणि त्याची शिरोरेखा पिशवीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीतून सरळ जात होती. २५ ठेवलं तर ती पाण्यात हलल्यासारखी दिसे, ० ठेवलं तर चिकटवल्यासारखी. शेवटी ८ वर थांबलो. त्यात सर्वांत मोठी सरक दहा पिक्सेल, म्हणजे एक मिलिमीटर होते. हातातल्या पिशवीवर पट्टी धरून पाहिलं तर तिरक्या सुरकुतीवर छापील रेषा तेवढीच हललेली दिसते. कागद रबर नाही, तो ताणला जात नाही. घडीवर बदलतो तो मुख्यतः उजेड. म्हणून अक्षर वाकवण्यापेक्षा त्याच्यावरची सावली खरी उतरणं जास्त महत्त्वाचं ठरलं.

सावलीचं काम `Multiply` करतं : रचनेचा रंग खालच्या फोटोतून गुणला जातो, त्यामुळे कागदाचा तपकिरी आणि घडीची छाया दोन्ही शाईतून दिसतात. ऑफसेटच्या पारदर्शक शाईचा स्वभावही हाच. पण आमची छपाई स्क्रीनची होती आणि स्क्रीनची शाई दाट, बरीचशी झाकणारी असते. छपाईवाल्या मामांनी त्याच कागदाच्या तुकड्यावर कुंकवी शाईचा एक हात मारून दिला. तो तुकडा पडद्याशेजारी धरला तेव्हा नुसतं `Multiply` जास्त काळपट दिसत होतं. म्हणून त्याच लेअरची प्रत `Normal` मध्ये वर ठेवून तिची अपारदर्शकता वाढवत नेली. तुकड्याशी ३५ टक्क्यांवर जुळलं. दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या शाईला हा आकडा वेगळा येईल, तुकडा मात्र लागेलच. दोरी रचनेच्या वर राहावी म्हणून तिला वेगळा मास्क दिला. नाहीतर नाव दोरीवरही छापलेलं दिसतं, आणि घाईत केलेल्या मॉकअपमध्ये ते हमखास दिसतं.

पांढऱ्याचा प्रश्न मालकांनीच सोडवला. आम्ही दोन चित्रं ठेवली. एकात पांढरी स्क्रीन शाई वेगळी, म्हणजे दुसरा रंग आणि त्याचा वाढीव खर्च. क्राफ्टवर पांढरं भरीव दिसायला बऱ्याचदा दोन हात मारावे लागतात, हेही मामांनी सांगितलं. दुसऱ्यात पांढरं काढूनच टाकलेलं, फक्त कुंकवी अक्षरं थेट कागदावर. मालकांनी दुसरं चित्र आणि कोरी पिशवी आळीपाळीने पाहिली आणि म्हणाले, "ह्येच. कातड्यावर शिक्का मारल्यागत दिसतंय." पत्त्याची ओळ साडेआठ सेंमीवर नेली. ती बगलेवर घ्यावी अशी एक सूचना होती, पण बगलेच्या मधोमध उभी घडी असते, तिथे ती पुन्हा कापली गेली असती.

निकाल

आधी कागद छापायचा आणि मग पिशवी चिकटवायची, हा क्रम ठरवून घेतला. तयार सपाट पिशवीवर स्क्रीन मारली तर आतल्या दुमडींचे उंचवटे शाईत उठतात. दीड हजार पिशव्यांच्या कामाआधी एक पिशवी पूर्ण करून मॉकअपशेजारी ठेवली. नावाची जागा, दोरीचा झोल, आडवी घडी आणि रंग, चारही जुळले. मालकांनी त्या पिशवीवर सही केली, पडद्यावरच्या चित्रावर नाही. माझ्या मते हाच बरोबर क्रम आहे : मॉकअपवर निर्णय घ्यायचे, मंजुरी वस्तूवर घ्यायची.

दोन गोष्टी जुळल्या नाहीत. दोरीचा दुसरा लॉट पांढरट आला, चित्रातली दोरी साईच्या रंगाची होती. ते चालवून घेतलं. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. रचनेला चारी बाजूंनी बारीक कुंकवी चौकट होती, कडेपासून ४ मिलिमीटर आत. चित्रात ती दोन्ही बाजूंना सारखी. पिशव्या हाताने घडी घालून चिकटवल्या जातात, त्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. त्यामुळे काही पिशव्यांवर एका बाजूला चौकट सहा मिलिमीटर आत दिसे, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर उरे. कडेजवळ गेलेली रेषा हाताळताना झिजून तुटक दिसू लागली, कारण क्राफ्टवर लॅमिनेशन नव्हतं. मालकांनी तक्रार केली नाही, पण पुढच्या गठ्ठ्यात चौकट नको, असं सांगितलं.

वेगळं काय करता येईल

मॉकअप नेहमी रचना अचूक मध्यावर बसवतो आणि हात तसं बसवत नाही. असं काम पुन्हा आलं तर मंजुरीच्या चित्रांत एक चित्र मुद्दाम बिघडवलेलं ठेवावं : स्मार्ट ऑब्जेक्टमधली रचना ३ मिलिमीटर, म्हणजे या फोटोत ३० पिक्सेल, एका बाजूला सरकवून. त्यात रचना वाईट दिसली तर ती कडेच्या फार जवळ आहे असं समजावं. या कामात तसं चित्र ठेवलं असतं तर चौकट मंजुरीच्या वेळीच गेली असती किंवा दहा मिलिमीटर आत आली असती.

घडीचं अंग कुठलं, हेही आधी ठरवून काकींना लिहून द्यायला हवं. दोन्ही अंगांवर एकच छपाई होती म्हणून यावेळी फरक पडला नाही. पुढे एका अंगावर नाव आणि दुसऱ्यावर चपला धुण्या-वाळवण्याच्या सूचना छापायचा विचार आहे. तेव्हा तळ सूचनांच्या अंगावर दुमडावा लागेल, नाहीतर घडी नावाखाली येईल. चिकटवण्याच्या आधी शीटवरच कडेला एक छोटी खूण छापली तर हे तोंडी सांगावं लागणार नाही.

पावसाळ्याचा प्रश्न अजून बाकी आहे. आमची कोरी पिशवी कोरड्या दिवसांत बनली आणि कोरड्या दिवसांतच तिचा फोटो निघाला. जुलैत इथल्या दमट हवेत क्राफ्ट मऊ पडतो, वरची कड आणखी दबते आणि भोकांपासूनच्या तिरक्या रेषा लांबतात. वरच्या दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी जाड घालायची की भोकांना आयलेट लावायचे, हे ठरवायला पावसाळ्यात आठवडाभर वापरलेली पिशवी लागेल. काकींनी तशी एक बाजूला ठेवली आहे, दुकानातला पोरगा रोज तिच्यातून डबा आणतो.